सांगलीत मॅग्नेशियम हलकं होतं का? पाण्यावर गोळा केलेल्या वायूचं गणित

या भागात आकडे जरा जास्त आहेत, त्यामुळे गाडी चालवत ऐकत असाल तर आत्ता फक्त गोष्ट ऐका आणि आकडे नंतर इथे निवांत वाचा. बोलताना जे बोललो तेच इथे लिहिलंय, फक्त "अं", "म्हणजे" वगैरे काढून.

झालं असं, की सांगलीहून एका श्रोतीचा व्हॉइस नोट आला. बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे. तिने प्रॅक्टिकलला मॅग्नेशियमच्या फितीचा तुकडा वजन करून सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टाकला, निघालेला हायड्रोजन पाण्यावर उलट्या धरलेल्या ब्युरेटमध्ये गोळा केला, आणि त्या आकारमानावरून मॅग्नेशियमचं अणुवस्तुमान काढलं. पुस्तकात आहे २४.३. तिचं आलं २१.९. तिचा चुलत भाऊ साताऱ्यात त्याच वर्षाला आहे, त्यानेही तेवढंच मॅग्नेशियम घेऊन तोच प्रयोग केला. त्याचं आलं २१.४. आता घरच्या ग्रुपवर वाद चाललाय की कुणाचा हात थरथरला. तिचा प्रश्न असा: "दादा, आम्ही तीन-तीन वेळा केलं, दर वेळी तेच येतंय. मग चूक कुठाय?"

दर वेळी तेच येतंय, ही यातली सगळ्यात कामाची माहिती. हात थरथरला असता तर उत्तर कधी २३ आलं असतं, कधी २६. दर वेळी एकाच बाजूला आणि तेवढंच सरकतंय, याचा अर्थ प्रयोग बरा झालाय आणि गणितात काहीतरी ठरलेलं चुकतंय. कोडमध्येही असंच असतं. कधी कधी येणारा बग शोधताना घाम फुटतो, आणि हटकून येणारा बग बिचारा पळून जात नाही.

तिची नोंद बघूया. मॅग्नेशियम ०.०४८६ ग्रॅम. पाण्याचं तापमान २७ अंश. ब्युरेटमध्ये वायू ५४.६ मिली. आणि दाब? दाबाच्या रकान्यात ७६० मिमी. साताऱ्याच्या भावाचं सगळं तेच, फक्त वायू ५५.९ मिली. दाब त्याचाही ७६०.

इथे दोन गोष्टी लपल्यात. एक सगळ्यांना शिकवतात, पण परीक्षेत विसरली जाते. दुसरी घाटावर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना शिकवायलाच हवी, आणि तिचा उल्लेखही सहसा होत नाही.

पहिली गोष्ट आधी. ब्युरेटच्या वरच्या भागात जो वायू दिसतो तो नुसता हायड्रोजन नसतो. बुडबुडा पाण्यातून वर येतो, वर आल्यावरही खाली पाण्याचा पृष्ठभाग असतोच. त्या पृष्ठभागावरून पाण्याचे रेणू सुटून वायूत मिसळतात, काही परत पाण्यात पडतात. थोड्याच वेळात सुटणारे आणि परतणारे सारखे होतात. त्या वेळी वाफेचा जो दाब असतो तो पाण्याचा बाष्पदाब. गंमत म्हणजे हा दाब फक्त तापमानावर ठरतो. पाणी बादलीभर आहे की वाटीभर, वर हायड्रोजन आहे की साधी हवा, बाहेरचा दाब किती, याने त्याला काही फरक पडत नाही. २० अंशांना तो १७.५ मिमी, २७ ला २६.७, ३५ ला ४२.२ आणि आपल्या मे महिन्यातल्या ४० अंशांना ५५.३ मिमी.

हे मिश्रण मोजायचं कसं, तर जॉन डाल्टनने १८०१ मध्ये मांडलेल्या नियमाने. एकाच भांड्यातले वायू आपापल्या परीने भिंतीवर आदळतात. प्रत्येकाचा दाब तो एकटाच भांड्यात असता तर जेवढा असता तेवढाच, आणि एकूण दाब म्हणजे या सगळ्यांची बेरीज. एकेकाचा वाटा म्हणजे त्याचा आंशिक दाब. एसटीत पन्नास माणसं बसलीत, पण त्यातले दोघं पंच्याहत्तरीच्या पुढचे आजोबा फुकट प्रवास करतायत. गाडी भरलेली दिसते पन्नासांनी, कंडक्टरकडे पैसे जमतात अठ्ठेचाळीस जणांचे. आपल्याला पैसे मोजायचेत, म्हणजे हायड्रोजन. फुकट बसलेली वाफ वजा करायची.

P = P(H2) + P(H2O)

म्हणजे हायड्रोजनचा आंशिक दाब = एकूण दाब − त्या तापमानाचा बाष्पदाब. आकारमान मात्र वाटायचं नाही. ५४.६ मिलीच्या जागेत हायड्रोजनही पूर्ण पसरलाय आणि वाफही पूर्ण पसरलीय. "वाफेचं आकारमान वजा करू का?" असं बरेच जण विचारतात. नाही. कमी करायचं ते दाबातून.

आता एकूण दाब कुठून आणायचा? ब्युरेटमध्ये दाब मोजायचं यंत्र नसतं. म्हणून एक युक्ती करतात. ब्युरेट वर-खाली करून आतली आणि बाहेरची पाण्याची पातळी एका रेषेत आणतात. पातळी सारखी झाली की आतला दाब आणि बाहेरच्या हवेचा दाब सारखा. आतलं पाणी बाहेरच्यापेक्षा वर राहिलं असेल तर आतला दाब तेवढा कमी. पाऱ्याच्या १ मिमीला पाण्याचे १३.६ मिमी लागतात, म्हणजे १० सेंटिमीटरचा फरक राहिला तर साधारण ७.४ मिमी वजा करायचे. पातळी जुळवली की ही भानगड उरत नाही. तिने पातळी जुळवली होती, हे मी विचारून घेतलं.

म्हणजे आता प्रश्न उरला "बाहेरच्या हवेचा दाब" किती याचा. आणि इथे दुसरी, मोठी गोष्ट.

७६० मिमी हा समुद्रसपाटीचा दाब. पुस्तकातली गणितं लिहिणारा माणूस समुद्रकिनारी राहत असावा असं मला नेहमी वाटतं. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे, सातारा ७४० च्या आसपास, महाबळेश्वर १३५० च्या पुढेमागे. जेवढं वर जाल तेवढी डोक्यावरची हवा कमी, तेवढा दाब कमी. आपल्या उंचीला दर शंभर मीटरमागे साधारण ११ हेक्टोपास्कल कमी होतात. हेक्टोपास्कल घाबरवणारा शब्द आहे, पण फोनवर तुम्हाला `hPa` असाच दिसतो. १.३३३ ने भागलं की मिमी मिळतात.

माझ्या फोनमध्ये दाबाचा सेन्सर आहे. बऱ्याच महागड्या फोनमध्ये असतो, स्वस्तातल्यांमध्ये सहसा नसतो. सेन्सरचा थेट आकडा दाखवणारं कुठलंही साधं अ‍ॅप चालतं. मागे सांगलीहून कराड, सातारा, वाई करत महाबळेश्वरला गेलो तेव्हा आकडे टिपले होते: सांगलीत ९४९ च्या आसपास, साताऱ्यात ९२८, आणि पसरणीचा घाट चढून महाबळेश्वरात पोचलो तेव्हा ८६४. मिमीमध्ये म्हणाल तर ७१२, ६९६ आणि ६४८. घाट चढताना कान दडे बसतात ते याच फरकाने.

आता एक सापळा, जो खास स्मार्टफोनवाल्यांसाठी आहे. फोनवरचं हवामानाचं अ‍ॅप उघडा. सांगली टाका. दाब दाखवेल १०१० वगैरे. सातारा टाका, तिथेही १०१० च्या आसपास. महाबळेश्वर? तेच. अ‍ॅप खोटं बोलत नाही, ते वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतंय. हवामानवाल्यांना वेगवेगळ्या उंचीवरच्या गावांची तुलना करायची असते, कुठे कमी दाबाचा पट्टा तयार होतोय ते बघायचं असतं. म्हणून प्रत्येक ठिकाणचा दाब ते "हे गाव समुद्रसपाटीला असतं तर किती" असा बदलून दाखवतात. वादळ ओळखायला हा आकडा बरोबर, आपल्या ब्युरेटसाठी चूक. ब्युरेटला समुद्रसपाटीशी देणंघेणं नाही. तिच्यावर सांगलीची खरी हवा दाबतेय.

खूण सोपी आहे. सांगली-साताऱ्यात बसून तुमचा आकडा हजाराच्या वर असेल तर तो समुद्रसपाटीचा. मग त्यातून उंचीचा वाटा वजा करा: सांगलीला साधारण ६१, साताऱ्याला ८२ हेक्टोपास्कल. प्रयोगशाळेत भिंतीवर फॉर्टिनचा बॅरोमीटर टांगलेला असेल तर सगळ्यात उत्तम. तो तिथलाच खरा दाब दाखवतो. बऱ्याच ठिकाणी तो शोभेला असतो, पण पारा आत असेल तर विचारून वाचायला काय हरकत आहे?

चला, आता तिचं गणित नीट करू.

एकूण दाब ७१२ मिमी. २७ अंशांचा बाष्पदाब २६.७. हायड्रोजनचा आंशिक दाब ७१२ − २६.७ = ६८५.३ मिमी. आकारमान ०.०५४६ लिटर. तापमान २७ + २७३.१५ = ३००.१५ केल्विन. दाब मिमीमध्ये आणि आकारमान लिटरमध्ये ठेवलं तर R ची किंमत ६२.३६४.

n = PV / RT = (६८५.३ × ०.०५४६) ÷ (६२.३६४ × ३००.१५) = ०.००२०० मोल

मॅग्नेशियमचा एक अणू हायड्रोजनचा एक रेणू देतो, म्हणून मॅग्नेशियमही ०.००२०० मोल. ०.०४८६ ला त्याने भागा. २४.३. पोरीने प्रयोग अगदी झकास केला होता.

मग २१.९ कुठून आलं? तिने ७६० घेतले आणि बाष्पदाबही वजा केला नाही. दोन्ही चुका एकाच दिशेला जातात. दाब जास्त धरला की हायड्रोजन जास्त आहे असं वाटतं, मोल जास्त येतात, आणि मॅग्नेशियम हलकं दिसतं. नुसती वाफ विसरली असती, दाब ७१२ घेतला असता, तर उत्तर २३.४ आलं असतं. वाफ वजा केली असती पण ७६० तसेच ठेवले असते, तर २२.७. म्हणजे सांगलीत उंचीची चूक ही वाफेच्या चुकीपेक्षा जवळजवळ दुप्पट मोठी आहे. वर्गात वाफेवर अर्धा तास जातो आणि उंचीवर एक मिनिटही नाही, हे मला जरा अन्यायाचं वाटतं.

आणि भाऊ? साताऱ्यात दाब ६९६. वाफ तीच २६.७, कारण तापमान तेच. हायड्रोजनचा वाटा ६६९.३. ५५.९ मिली घालून बघा, उत्तर पुन्हा २४.३. दोघांचा हायड्रोजन सारखाच होता. साताऱ्यात बाहेरची हवा कमी दाबते म्हणून तो जरा जास्त पसरला, एवढंच. भावाने डोंगरावर बसून समुद्राचा दाब लावला, म्हणून त्याची चूक बहिणीपेक्षा थोडी मोठी. घरच्या ग्रुपवरचा वाद मिटायला हरकत नाही.

ज्यांना फोनवरच पायथॉन चालवायची हौस आहे त्यांच्यासाठी हे. तक्ता शोधायला नको म्हणून बाष्पदाब यात सूत्रानेच काढलाय. १ ते १०० अंशांपर्यंत ते चालतं.

```python
def h2o(t):          # t अंश सेल्सिअस, उत्तर मिमी
    return 10 ** (8.07131 - 1730.63 / (233.426 + t))

def mol(p, v, t):    # p मिमी, v मिली
    return (p - h2o(t)) * (v / 1000) / (62.364 * (t + 273.15))

print(0.0486 / mol(712, 54.6, 27))
```

उत्तर २४.३१ च्या आसपास छापलं जाईल. ७१२ च्या जागी ७६० टाका आणि मॅग्नेशियम हलकं होताना बघा.

याच सूत्रात t ला ९५.६ दिलं तर बाष्पदाब ६४८ च्या जवळ येतो. म्हणजे महाबळेश्वरात पाणी शंभराला नाही, पंचाण्णव-शहाण्णवलाच उकळतं. वाफेचा दाब बाहेरच्या हवेएवढा झाला की उकळी. तिथे कुकरशिवाय डाळ शिजवायला वेळ लागतो तो याचमुळे. बघा, वर चढल्यावर बाहेरचा दाब कमी होतो पण वाफेचा दाब काही कमी होत नाही, तो तापमानाशी इमान राखून आहे. त्यामुळे जेवढं उंच जाल तेवढा ब्युरेटमधला वाफेचा हिस्सा मोठा. मुंबईत २७ अंशांना शंभरात साडेतीन, महाबळेश्वरात त्याच तापमानाला चारच्या वर.

तापमानाबद्दल एक सांगायचं राहिलं. कुठलं तापमान घ्यायचं? भिंतीवरच्या थर्मामीटरचं नको. ज्या पाण्यावर वायू बसलाय त्या पाण्यात थर्मामीटर बुडवा. उन्हाळ्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीतून आलेलं पाणी हाताला गरम लागतं, ते ३८-४० अंशांचं असू शकतं, आणि २७ ते ४० मध्ये बाष्पदाब दुपटीच्या वर जातो. शिवाय मॅग्नेशियम आणि आम्लाची क्रिया स्वतःच उष्णता सोडते. म्हणून बुडबुडे थांबल्या थांबल्या आकडा टिपू नका. दहा-पंधरा मिनिटं थांबा. आकारमान थोडं आकसेल, मग स्थिर होईल. स्थिर झालं की टिपा.

आणि हे सगळं हायड्रोजनला लागू पडतं कारण तो पाण्यात फार थोडा विरघळतो. कार्बन डायऑक्साइडचं तसं नाही. २५ अंशांना एक लिटर पाणी पाऊण लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड गिळतं. तिथे वाफ अचूक वजा करूनही उत्तर चुकतं, कारण वायूच पाण्यात गायब झालेला असतो. त्यासाठी साध्या पाण्याऐवजी मिठाचं संपृक्त पाणी आम्ल घालून वापरतात, पण मग बाष्पदाबही साध्या पाण्याचा धरून चालत नाही, मिठाच्या पाण्याचा तो कमी असतो.

हे मुद्दाम सांगतोय, कारण पाण्यावर गोळा केलेला वायू फक्त प्रयोगशाळेत नसतो. आपल्याकडे वाळवा, कराड, पलूस भागात कितीतरी गोठ्यांमागे गोबरगॅस आहे. त्यातला तरंगत्या टाकीचा प्रकार आठवा. शेणाच्या काल्यावर लोखंडी टाकी उलटी तरंगते, गॅस भरला की वर येते, वापरला की खाली बसते. ती म्हणजे उलटी धरलेली मोठी ब्युरेटच आहे. खाली ओला काला, वर गॅस, आणि त्या गॅसमध्ये तीच फुकटी वाफ. फरक एवढाच, की टाकीच्या स्वतःच्या वजनामुळे आतला दाब बाहेरच्यापेक्षा पाण्याच्या दहाएक सेंटिमीटर जास्त असतो, म्हणजे सात मिमीने.

समजा टाकीचा व्यास आणि ती किती वर आली ते मोजून तुम्ही म्हणालात, "आज एक घनमीटर गॅस झाला." सांगली भागात, काला ३५ अंशांना. आतला दाब ७१२ + ७ = ७१९. वाफ ४२.२. कोरड्या गॅसचा वाटा ६७६.८ मिमी. हा गॅस ० अंश आणि ७६० मिमी या प्रमाण स्थितीला आणला तर

१ × (६७६.८ ÷ ७६०) × (२७३.१५ ÷ ३०८.१५) = ०.७९ घनमीटर

कुणी गळती केलेली नाही, कुणी चोरलेला नाही, तरी एकाचे पाऊण आणि वर थोडे झाले. म्हणून संयंत्राच्या माहितीपत्रकात "रोज अमुक घनमीटर" लिहिलेलं असेल तर आधी विचारायचं: कोरडा की ओला, कुठल्या तापमानाला, कुठल्या दाबाला? एकाने प्रमाण स्थितीचा आकडा सांगितला आणि दुसऱ्याने टाकीवर पट्टी लावून मोजला, तर दोघेही खरं बोलत असून भांडण लागेल.

जानेवारीच्या पहाटे काला आणि गॅस २० अंशांना असतील, तर त्याच एका घनमीटरचे ०.८६ होतात. हिवाळ्यात गॅस कमी तयार होतो हे घरातल्या बायका बरोबर सांगतात, कारण थंडीत जिवाणू मंदावतात. पण टाकी तेवढीच वर आली असेल, तर त्या टाकीत उन्हाळ्यापेक्षा जवळपास नऊ टक्के जास्त गॅस असतो. मे महिन्याच्या दुपारी लोखंडी टाकी तापते तेव्हा हिशेब अजून बिघडतो. वरचा गॅस काल्यापेक्षा गरम होतो आणि वाफेने पुरता भरलेला राहत नाही, कारण वाफ किती उठणार ते खालच्या, त्यामानाने थंड काल्यावर ठरतं. तेव्हा तक्त्यातला बाष्पदाब काल्याच्या तापमानाचा घ्यायचा आणि आकारमानासाठी तापमान गॅसचं. किंवा सरळ सूर्योदयाआधी मोजायचं, जेव्हा दोन्ही सारखीच असतात.